उचंत खात्याची कैफियत

सद्गृहस्थाच्या संसाराची खरी स्थिती त्याच्या बँकेच्या पासबुकात वाचावयास मिळते अशी ज्यांची श्रद्धा असेल, त्यांनी त्या पासबुकातील एका विशिष्ट ओळीपाशी क्षणभर थांबावे. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, औषधांच्या दुकानाची देणी, इतकेच काय पण मोबाईलवरून वाण्याला पोचते केलेले एकशे सदतीस रुपयेदेखील त्या दफ्तरात तारीखवार नमूद असतात. परंतु या सुप्रतिष्ठित नोंदींच्या रांगेत मधूनच 'ए.टी.एम.मधून रोख रुपये दोन हजार' अशी एक ओळ येते, आणि तेथे बँकेची सर्वज्ञता एकाएकी संपुष्टात येते. पुढे त्या दोन हजारांची मेथी झाली की रिक्षा, नारळ झाला की न्हाव्याची बक्षिशी, याविषयी बँकेला यत्किंचितही कुतूहल नसते. तिने रक्कम नावे टाकली, कागदावर खर्च झाला, आणि खातेदार मात्र तिसऱ्या दिवशी रिकाम्या पाकिटात बोट घालून 'आत्ता तर काढले होते!' हे सनातन उद्गार काढीत उभा राहतो.

आमच्या शेजारी राहणारे काका जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले आहेत. सबंध हयात त्यांनी दुसऱ्यांच्या देयकांवर आक्षेप घेण्यात घालवली असल्यामुळे, निवृत्तीनंतर घेण्याजोगा आक्षेप शिल्लक न राहिल्याने त्यांच्या प्रकृतीवर परिणाम होऊ लागला होता, असे काकूंचे मत आहे. अशा अवस्थेत एके दिवशी त्यांची दृष्टी पासबुकातील त्या ओळीवर गेली, आणि त्यांनी तत्काळ निर्णय दिला, की बँकेने केलेली ही नोंदच मुळी अशुद्ध आहे. ए.टी.एम.मधून काढलेली रोकड हा खर्च नव्हेच; ती तसलमात होय. सरकारी कर्मचारी दौऱ्यावर निघताना उचल घेतो आणि परत आल्यावर तिचा हिशेब देईपर्यंत ती रक्कम त्याच्या नावावर येणे राहते, त्याचप्रमाणे ए.टी.एम.च्या तोंडातून बाहेर पडलेली प्रत्येक नोट ही धारण करणाऱ्याच्या नावावर येणे आहे, असा हा सिद्धांत होता. काकूंनी त्यावर एवढेच विचारले, "अहो, मग हिशेब द्यायचा कोणी? तुम्ही की मी?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. वहीत प्रत्येक खर्च त्या त्या क्षणी टिपून ठेवावा, हा जो सर्वमान्य उपदेश आहे, तो भाजीबाजारात टिकत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाव किलो गवार, मागून एखाद्या स्कूटरचा कर्णा, आणि समोर "ताई, बोला लवकर" म्हणणारी भाजीवाली, या परिस्थितीत लेखणी काढणारा मनुष्य एकतर महात्मा असतो नाहीतर महानगरपालिकेचा अतिक्रमण निरीक्षक. आणि दोघांनाही भाजी महाग मिळते. रात्री आठवून लिहावे तर स्मृती ही मोठी सोयिस्कर दासी आहे. त्याच दिवशी विचारले तर ती पंचेचाळीस म्हणेल, दुसऱ्या दिवशी पन्नास म्हणेल, आणि तीन दिवसांनी 'असतील शंभरेक' असे म्हणून मोकळी होईल.

म्हणून काकांनी कोषागाराची उलटी रीत अवलंबिली. आधी एकेक खर्च टिपून मग बेरीज करण्याऐवजी, आधी बेरीज निश्चित करावयाची आणि मग तिचे घटक शोधावयाचे. आरंभीची शिल्लक, अधिक आठवड्यात आलेली रोकड, वजा अखेरची शिल्लक, म्हणजे झालेला खर्च. या सूत्राला कोणाच्याही स्मरणशक्तीची गरज लागत नाही. नोटा मोजता आल्या म्हणजे पुरे. रविवारी सकाळी आणि शनिवारी रात्री, दोनदा मोजदाद केली की आठवड्याच्या रोख खर्चाचा आकडा रुपयापर्यंत हाती येतो, मग तो कशावर झाला हे देवाला ठाऊक असले तरी चालते. वहीतील नोंदींची बेरीज या आकड्याशी ताडून पाहावयाची, आणि जी तफावत उरेल ती आपल्या विस्मरणाची, आळसाची किंवा लबाडीची मोजमाप केलेली रक्कम समजावयाची.

सूत्र निर्दोष होते. दोष निघाला तो घरात. कारण शिल्लक मोजावयाची तर खजिना एक असावा लागतो, आणि कोणत्याही मराठी घरात तो एक नसतो. काकांचे पाकीट हा सदर खजिना. काकूंची पर्स हे स्वतंत्र संस्थान. दाराजवळच्या फडताळावर इस्त्रीवाल्यासाठी आणि फुलपुडीसाठी ठेवलेली सुट्या नाण्यांची वाटी हे वहिवाटीने चालत आलेले इनाम. आणि डाळीच्या डब्यात खोल कोठेतरी असलेली, जिच्याविषयी बोलावयाचे नसते अशी एक गंगाजळी. काकांनी पहिल्या तीन ठाण्यांची रुजुवात करण्याचा हुकूम काढला, आणि चौथ्याविषयी काकूंच्या मुद्रेकडे पाहून, ते या आठवड्यात हलवावयाचे नाही एवढ्या अटीवर, माफी दिली. पाकिटातून पर्समध्ये गेलेले दोनशे रुपये हा खर्च नव्हे, ती केवळ रक्कम वर्ग करणे आहे, हे तत्त्वही त्याच बैठकीत ठरले. कारण नवशिक्यांच्या हिशेबात घरखर्च फुगतो तो बहुधा येथेच, पाकिटातून एकदा आणि पर्समधून पुन्हा एकदा, असा तोच रुपया दोनदा खर्ची पडल्यामुळे.

त्या आठवड्याचे कागद मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, सबब ते येथे तपशीलवार देतो. रविवारी सकाळी पाकिटात ३१०, पर्समध्ये २४५ आणि वाटीत ८५, मिळून ६४० रुपये आरंभीची शिल्लक. सोमवारी ए.टी.एम.मधून काढले २०००. बुधवारी पुतण्या आला. त्याने 'काका, मला जी-पे करा, मी रोख देतो' असे म्हणून ५०० ची नोट काकांच्या हाती ठेवली. बँकेच्या दृष्टीने हे पाचशे पुतण्याला दिलेले दान झाले. वस्तुतः ती ए.टी.एम.पर्यंतची पायपीट वाचवून घेतलेली तसलमातच होती, आणि काकांनी ती तशी जमा धरली. शनिवारी रात्री पाकिटात ४२०, पर्समध्ये ३६५, वाटीत ६०, मिळून अखेर शिल्लक ८४५. अर्थात ६४० अधिक २५०० वजा ८४५, म्हणजे २२९५ रुपये खर्च. वहीतल्या नोंदी अशा होत्या: भाजी आणि फळे ११२०, रिक्षा ४७२, चहा-फराळ १६५, इस्त्री, फुलपुडी आणि सुटे दही मिळून ४००, न्हावी व हॉटेल येथील बक्षिशी १३०. एकूण २२८७. तफावत अवघी आठ रुपये! काकांनी चष्मा काढून पुसला. कोषागारात असताना अशा ताळेबंदावर वरिष्ठांचा शेरा मिळाला असता, असे त्यांनी मला बोलावून सांगितले.

त्याच वेळी काकू आतून म्हणाल्या, "त्यात रद्दीचे एकशे ऐंशी धरलेत ना? पर्समध्येच ठेवलेत मी."

ज्यांनी हिशेबाचे काम केले आहे त्यांनाच या वाक्यातील वज्राघात कळेल. रद्दीचे पैसे ही रोकड बँकेच्या वाऱ्यालाही उभी न राहता घरात प्रवेश करते, आणि परंपरेने ती गृहिणीची असल्यामुळे तिची वर्दी कोणी देत नाही. पण जमेच्या बाजूला १८० वाढले म्हणजे खर्चही तितकाच वाढतो. २२९५ चे झाले २४७५, आणि तफावत आठावरून १८८ वर गेली. एक विसरलेली जमा आणि कित्येक विसरलेले खर्च परस्परांच्या पाठीशी लपून बसले होते, आणि त्यामुळेच हिशेब इतका देखणा दिसत होता. म्हणून जाणते कारकून लहान तफावत पाहून कधी हर्षभरित होत नाहीत. ते आधी जमेची बाजू पुन्हा तपासतात, कारण खर्च विसरला तर तफावत ओरडून सांगते, पण जमा विसरली तर ती तफावतीचेच तोंड दाबून धरते.

मग १८८ रुपयांचा तपास सुरू झाला. पहिली धाड रिक्षावर पडली. पुण्यात २०२२ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७, असा दर लागू झाला. अडीच किलोमीटर गेले की मीटर ४२ दाखवते. हे बेचाळीस रुपये देता येण्याजोगे नाणे किंवा नोट भारत सरकारने काढलेली नाही. मुंबईकरांनी हसू नये. त्यांचे किमान भाडे २०२५ च्या फेब्रुवारीपासून २६ झाले आहे, आणि तीस रुपयांतले उरलेले चार रुपये परत आल्याचे ज्याने पाहिले असेल त्याने पुढे यावे. आपण पन्नास देतो, चालक खिसे चाचपण्याचा एक हृदयस्पर्शी अभिनय करतो, 'सुट्टे नाहीत साहेब' म्हणतो, आणि आपण उदारपणे 'राहू द्या' म्हणून उतरतो. काकांनी वहीत मीटरबरहुकूम ४७२ लिहिले होते. हातून प्रत्यक्ष गेले होते ५००. हे २८ रुपये भाडे नव्हे, बक्षिशी नव्हे, दानही नव्हे, कारण दानाला संकल्प लागतो. काकांनी ते भाड्यातच मिळवले, आणि यापुढे मीटरचा आकडा न लिहिता खिशातून गेलेला आकडा लिहावा असा ठराव केला. रोख हिशेबातील हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा ठराव असावा. कारण आपण किंमत लक्षात ठेवतो, पण पाकीट फक्त दिलेली रक्कम लक्षात ठेवते.

भाजीच्या बाबतीत हाच न्याय निराळ्या रूपात लागू होतो. भाजीवाली भाव किलोचा सांगत नाही. ती 'वीसला पाव' म्हणते, म्हणजे ऐंशी रुपये किलो हे आपल्याला घरी पोचल्यावर उमगते. तिच्या राज्यात आकडे पाच-दहांच्या पटीतच चालतात, आणि उरलेल्या मोडीचा प्रश्न ती राजनीतिज्ञाच्या कौशल्याने सोडवते: "पाच रुपये सुट्टे नाहीत, कोथिंबीर देऊ?" ही कोथिंबीर हिशेबात कशी धरावी यावर काकांनी पुष्कळ चिंतन केले. त्यांच्या जुन्या खात्यात स्थायी अग्रधनातून झालेल्या प्रत्येक किरकोळ खर्चाला प्रमाणक लागत असे, आणि भाजीवाली प्रमाणक देत नाही. फार तर हिरव्या मिरच्या देते. अखेर दिलेली पूर्ण रक्कम भाजीखाती लिहावी आणि कोथिंबीर हे वस्तुरूप समायोजन समजावे, असे ठरले. भाजीत तफावत निघाली नाही, कारण ती खरेदी काकूंनी केली होती, आणि काकू बाजारात शिरताना पर्समध्ये किती होते व निघताना किती राहिले एवढेच पाहतात. काकांचे सूत्र त्या गेली तीस वर्षे नाव न देता वापरीत आल्या आहेत, हे त्या दिवशी काकांना प्रथम कळले.

रिक्षाचे २८ गेले, राहिले १६०. पुढची पाळी बक्षिशीची. गॅसचे सिलिंडर घरपोच आणून देण्याचा आकार किमतीतच धरलेला असतो. तथापि वर चढून आलेल्या, घामाने डबडबलेल्या माणसासमोर हा मुद्दा उपस्थित करण्याचे धैर्य काकांच्या अंगी नाही, आणि त्याला ३० रुपये गेले होते. रात्रपाळीच्या रखवालदाराच्या मुलाचा निकाल लागला, त्याने पेढा दिला, तेव्हा त्याच्या हातावर ५० ठेवले गेले. पेढ्याचे पन्नास रुपये खर्चात लिहिणे काकांना असभ्य वाटले होते. बक्षिशीच्या नोंदी राहून जाण्याचे खरे कारण विस्मरण नसून ही संकोचवृत्तीच असते. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट आपण आठवणीने लिहितो, कारण ती चारचौघांत दिलेली असते; हातात हळूच सरकवलेली मात्र लिहीत नाही. आणि या सदरात आणखी एक फसवणूक आहे ती दिवाळीच्या पोस्तीची. अकरा महिने हे खाते गरीब आणि सोज्वळ दिसते, आणि बाराव्यात टपालवाला, सफाई कामगार, वर्तमानपत्रवाला, रखवालदार आणि ज्याला आपण वर्षभर पाहिले नाही असा एक गृहस्थ, हे सारे ओळीने येऊन त्याचा निकाल लावतात. म्हणून काकांनी वर्षाची पोस्त एकदा लिहून तिचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला काढण्याची शिफारस केली. काकू म्हणाल्या, की डाळीचा डबा यासाठीच असतो.

८० वजा जाता राहिले ८०. त्यांतील ३५ चा उलगडा मंगळवारच्या नारळाने केला. गणपतीला वाहिलेला नारळ हिशेबात धरल्यास पुण्य कमी होते, अशी काकांची समजूत होती. शेवटी उरले बरोबर ४५.

येथे काकांच्या मुद्रेवर एकाएकी तेज आले. "पंचेचाळीस! नवाने भाग जातो," ते म्हणाले. "अगं, दोन अंकांची अदलाबदल झाली की तफावत नेहमी नवाच्या पटीत येते. बहात्तरच्या जागी सत्तावीस लिहिले गेले असणार. पुढे शोधण्याची गरज नाही." नियम अगदी खरा आहे, आणि कारकुनांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच्या आधारे निद्रासुख घेत आल्या आहेत. पण काकूंनी वही पुढे ओढली आणि सर्व पाने शांतपणे चाळली. पंचेचाळीसचा फरक यावयाचा तर सोळा-एकसष्ट, सत्तावीस-बहात्तर, अडतीस-त्र्याऐंशी किंवा एकोणपन्नास-चौऱ्याण्णव, यांपैकी एखादी जोडी लागते. आणि वहीत सोळा, सत्तावीस, अडतीस, एकोणपन्नास यांपैकी एकही आकडा नव्हता. भाजीचे सर्व आकडे शून्याने किंवा पाचाने संपत होते. रिक्षाचे निकालात निघालेच होते. काकूंनी वही मिटली.

"अहो," त्या म्हणाल्या, "गुरुवारी फिरायला गेलात तेव्हा कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे जिलबी शंभर ग्रॅम केवढ्याला होती?"

काकांना डॉक्टरांनी साखर वर्ज्य केलेली आहे. काही क्षण ते बोलले नाहीत. मग कोषागारातील उत्तर देण्याच्या पद्धतीने त्यांनी सांगितले, की भाव चारशे पन्नास रुपये किलो होता.

तफावत शून्य झाली. पण घरातील शांतता तिच्याबरोबर गेली. त्या रात्री काकांना जे ज्ञान झाले ते कोणत्याही हिशेबतपासनिसाच्या पुस्तकात नाही. रोख पैशाचा उपयोग केवळ जिनसा घेण्यापुरता नसतो. आपण काय घेतले हे कोणालाही, प्रसंगी स्वतःलाही, सांगावे न लागण्याची सवलत त्यात अंतर्भूत असते. मोबाईलवरून पैसे दिले असते तर जिलबीवाल्याचे नाव वेळेसह कायमचे दफ्तरदाखल झाले असते. म्हणूनच भाजीवाल्यांकडेसुद्धा स्कॅनर लटकत असताना घरोघरी अद्याप नोटा काढल्या जातात. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२५ मध्ये बँकांना बजावले, की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत शेकडा ७५ आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत शेकडा ९० ए.टी.एम.मधून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. पाचशेची नोट मोडताना चार माणसे पाहतात. शंभराची नोट कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या रविवारी वहीत एक नवे खाते उघडले गेले. जुन्या दफ्तरांत ज्या रकमेचे सदर ठरत नसे ती उचंत खाती टाकीत, आणि खुलासा झाला की योग्य जागी नेत. काकांनी तेच खाते घरात आणले, मात्र खुलाशाची अट गाळून. आठवड्याच्या एकूण रोख खर्चाच्या शेकडा पाचपर्यंतची रक्कम उचंत राहील आणि तिच्याविषयी उभयपक्षी कोणी विचारणा करणार नाही. पाचाच्या वर गेली तर मात्र सर्व खजिन्यांची पुन्हा रुजुवात होईल. अडीच हजारांच्या खर्चावर ही सव्वाशेची सनद आहे. शेकडा पाच का, तर तेवढ्यात एखादे जास्तीचे भाडे, एक पेढा आणि शंभर ग्रॅम काहीतरी, एवढे बसते. आणि त्याहून मोठे भोक असेल तर ते विस्मरणाचे नसून सवयीचे असते, व सवयीला स्वतःचे सदर द्यावे लागते.

ही व्यवस्था कित्येक महिने सुरळीत चालली. उचंत कधी चाळीस, कधी नव्वद, एकदा तर एकशे वीस. काकू ती रक्कम पाहत आणि काही न बोलता पुढच्या पानावर शिल्लक ओढून घेत. अशात एका शनिवारी काकांनी वही समोर ठेवली: जमा-खर्चाची तोंडमिळवणी रुपयापर्यंत झालेली, उचंत शून्य. काकांना शाबासकीची अपेक्षा असावी. काकूंनी मात्र चष्मा लावला, रिक्षाच्या सदरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "इतका बरोबर हिशेब आपल्या घरात कधी आला नाही. रिक्षात किती घातलेत?"

काकूंचे बरोबर होते, आणि कोणताही मुरलेला हिशेबतपासनीस त्यांचीच बाजू घेईल. ज्या व्यवहारात चालकाकडे सुटे नसतात, भाजीवाली कोथिंबिरीत परतफेड करते आणि रखवालदार पेढा घेऊन येतो, त्या व्यवहाराचा जमाखर्च आठवडाभर राखला तर तो थोडासा चुकणारच. जो चुकत नाही तो राखलेला नसतो, शनिवारी रात्री बसून रचलेला असतो. काकांनी रिक्षाच्या सदरातून पासष्ट रुपये मुकाट्याने काढले आणि उचंत खाती लिहिले. काकूंनी वहीवर सही केली, आणि सनदेबरहुकूम, ते पासष्ट कशाचे हे विचारले नाही.